लगेच मास्टर्स की आधी नोकरी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं की हा प्रश्न येतोच. ज्यांच्या हातात दोन्ही पर्याय आहेत, म्हणजे बऱ्यापैकी नोकरीही मिळतेय आणि मास्टर्सला प्रवेशही मिळू शकतो, अशांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

आधी थेट सांगा: लगेच मास्टर्स करणं चांगलं की आधी नोकरी?

तुमच्या क्षेत्रात ती पदवी नेमकं काय काम करते, यावर ते ठरतं. काही क्षेत्रांत मास्टर्स म्हणजे दरवाजाच असतो. चिकित्सा मानसशास्त्राचं उदाहरण घ्या. बहुतेक देशांत मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी असल्याशिवाय स्वतंत्रपणे रुग्ण बघता येत नाहीत. तिथे फक्त पहिल्या पदवीवर मिळणारं काम बहुतेकदा मदतनिसाचं असतं. हेच क्षेत्र हवं असं नक्की असेल, तर थांबून फारसं काही हाती लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला एमबीए आहे. नावाजलेल्या पूर्णवेळ एमबीएच्या वर्गात विद्यार्थ्यांचा नोकरीचा अनुभव सरासरी पाच वर्षांच्या आसपास असतो, आणि वर्गातली चर्चाही त्या अनुभवावरच चालते. पदवीनंतर लगेच व्यवस्थापन शिकायचं असेल तर युरोपात 'मास्टर्स इन मॅनेजमेंट' हा वेगळा अभ्यासक्रम आहे, तो नवख्यांसाठीच आखलेला असतो. जर्मनीत तर ही विभागणी सरळ नियमातच आहे. तिथे एका प्रकारचं मास्टर्स पदवीला जोडून करायचं असतं, आणि दुसऱ्या प्रकारासाठी पदवीनंतर साधारण किमान एक वर्षाचा नोकरीचा अनुभव मागतात. त्यामुळे अभ्यासक्रमाच्या पानावर प्रवेशाच्या अटी आधी वाचा. निम्म्या जणांचा प्रश्न तिथेच सुटतो.

खरी ओढाताण होते ती मधल्या गटाची: संगणक, डेटा, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, डिझाइन, माध्यमं. इथे पदवीवर नोकरी मिळते आणि मास्टर्सनंतर अधिक चांगली मिळेल अशी आशा असते. पुढची बहुतेक उत्तरं या गटासाठी आहेत.

मास्टर्सनंतर पगार ४० टक्क्यांनी जास्त मिळतो असं ऐकलं. मग आधी नोकरीत दोन वर्षं का घालवायची?

कारण ही तुलना बहुतेक वेळा चुकीच्या आकड्याशी केलेली असते. मास्टर्स करून बाहेर पडणाऱ्याचा पगार आजच्या पदवीधराच्या पगाराशी ताडून पाहतात. पण तुम्ही मास्टर्स करून बाहेर पडाल तेव्हा तुमच्या वर्गातल्या ज्यांनी नोकरी धरली, त्यांना दोन पगारवाढी मिळालेल्या असतील. तुलना त्यांच्याशी करायची.

आकडे मांडून बघू. पहिल्या वर्षाचा पगार १०० धरा आणि वाढ दरवर्षी १० टक्के. नोकरी करणाऱ्याला पहिली दोन वर्षं १०० आणि ११०, तिसऱ्या वर्षी १२१. मास्टर्स करणाऱ्याची फी दोन वर्षांची मिळून १२०, आणि तिसऱ्या वर्षी तो १४० वर सुरुवात करतो. राहण्या-जेवण्याचा खर्च दोघांनाही आहे, तो सोडून देऊ.

दोन वर्षांनी मास्टर्सवाला किती मागे आहे? न मिळालेला पगार २१० आणि फी १२०, म्हणजे ३३०. तिसऱ्या वर्षी तो पुढे आहे किती? १४० वजा १२१, म्हणजे फक्त १९. ज्या ४० टक्क्यांवर आपण खूश होतो, त्यातले हातात उरतात जेमतेम १६ टक्के. दोघांचीही वाढ १० टक्क्यांनीच होत राहिली, तर ३३० चा खड्डा भरायला मास्टर्सनंतर दहा-अकरा वर्षं लागतात. यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही.

आता मास्टर्सनंतरची सुरुवात १४० ऐवजी १६० वर होते असं धरा. पहिल्या वर्षीचा फरक ३९ होतो आणि तोच खड्डा साडेसहा वर्षांच्या आत भरतो. म्हणजे सगळं गणित एका आकड्यावर झुलतं: मास्टर्स करून बाहेर पडणाऱ्याला, त्याच वेळी दोन वर्षांचा अनुभव असलेल्या पदवीधरापेक्षा किती जास्त मिळतं. हा आकडा विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. आपल्या कॉलेजच्या, आपल्यापेक्षा तीन-चार वर्षं आधी बाहेर पडलेल्या लोकांना विचारून तो काढावा लागतो, आणि दोन्ही वाटांनी गेलेल्यांना विचारावं लागतं. फक्त मास्टर्स केलेल्यांना विचारलंत तर अर्धंच चित्र दिसेल.

मग दोन वर्षं नोकरी करून नंतर मास्टर्स केलं तर फायदा होतो का?

निव्वळ पैशात पाहिलं तर थांबण्याचा तोटा होतो, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. तुम्ही तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी अभ्यासाला गेलात, तर तेव्हा सोडावा लागणारा पगार १०० आणि ११० नसून १२१ आणि १३३ असतो. चार वर्षांचा हिशोब करा. लगेच मास्टर्स करणारा तिसऱ्या-चौथ्या वर्षी १४० आणि १५४ कमावतो, एकूण २९४. आधी नोकरी करणारा पहिल्या दोन वर्षांत २१० कमावतो. पाचव्या वर्षी दोघांकडेही मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव आहे, आणि दोघं एकाच पगारावर आहेत असं धरलं, तर थांबण्याची किंमत झाली ८४. पहिल्या पगाराच्या भाषेत दहा महिने.

'एकाच पगारावर आहेत असं धरलं' या शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्या. मास्टर्सच्या आधीचा अनुभव नंतरच्या मालकाने मोजला नाही आणि पाचव्या वर्षी पुन्हा १४० वरच घेतलं, तर गणित पार कोसळतं. कारण शिकायला न जाता नोकरीतच राहिला असतात, तर त्या वर्षी १४६ वर असता. क्षेत्र बदलणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. यंत्र अभियांत्रिकीतली दोन वर्षं नोकरी आणि नंतर डेटा विषयातलं मास्टर्स, असं असेल तर अनेक ठिकाणी तुम्ही नवखेच ठरता. क्षेत्र बदलायचं हे आधीच पक्कं असेल, तर जुन्या क्षेत्रात उगाच दोन वर्षं काढू नका.

थांबण्याने तोटाच होत असेल, तर थांबायचं कशासाठी?

चुकीचं मास्टर्स टाळण्यासाठी. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच आहे.

वरच्या हिशोबात थांबण्याची किंमत ८४ आहे, आणि उपयोगी न पडलेल्या मास्टर्सची ३३०. त्यामुळे आज घाईने निवडलेला विषय चुकीचा निघण्याची शक्यता चारात एकाहून जास्त असेल आणि नोकरी केल्याने ती चूक आधीच लक्षात येणार असेल, तर थांबणं परवडतं. शक्यता त्याहून कमी असेल, म्हणजे विषयाबद्दल तुमची खरोखर खात्री असेल, तर लगेच जाणंच शहाणपणाचं. हा हिशोब ढोबळ आहे, कारण चुकलेलं मास्टर्सही सगळंच वाया जात नाही. पण नुसत्या 'मला वाटतं'पेक्षा तो बरा.

नोकरीत ही चूक कशी लक्षात येते ते एका उदाहरणात सांगतो. समजा, एका स्थापत्य अभियंत्याला संरचना या विषयात मास्टर्स करायचं आहे, कारण कॉलेजात तुळयांची आणि खांबांची गणितं त्याला छान सुटायची. तो एका डिझाइन कार्यालयात लागतो. तिथे त्याला दिसतं की गणितं बहुतांशी सॉफ्टवेअर करतं. आपला दिवस जातो तो सळयांचे तपशील तपासण्यात, वास्तुविशारदाने बदललेल्या नकाशांप्रमाणे सगळं पुन्हा करण्यात आणि साइटवरून आलेल्या शंकांना उत्तरं देण्यात. एक तर त्याला कळतं की हे काम आपल्याला आवडत नाही. किंवा त्याला कळतं की कार्यालयातले भूकंपाच्या भारांचे प्रश्न मोजक्या दोघांकडेच जातात, त्या दोघांचं मास्टर्स त्याच विषयात झालेलं आहे आणि आपल्यालाही तेच हवं आहे. हे दुसरं घडलं तर तो 'संरचना' असा मोघम अर्ज करत नाही. भूकंप अभियांत्रिकीतले कोणते विषय हवेत हे त्याला माहीत असतं, आणि का हवेत तेही.

माझी खात्री खरी आहे की नुसतं वाटतंय, हे कसं ओळखू?

ज्या कामासाठी मास्टर्स करायचं आहे, त्या कामाच्या वीसेक जाहिराती काढा आणि प्रत्येकीत मास्टर्स 'आवश्यक' म्हटलंय, 'असल्यास प्राधान्य' म्हटलंय की उल्लेखच नाही, ते लिहा. बहुतेक ठिकाणी 'पदवी आणि दोन-तीन वर्षं अनुभव' असं असेल, तर त्या कामाचा रस्ता नोकरीतून जातो. बहुतेक ठिकाणी मास्टर्स आवश्यक असेल, तर थांबून ते काम मिळणार नाही.

दुसरी परीक्षा जरा कठीण आहे. अभ्यासक्रमातले चार विषय आणि शेवटच्या प्रबंधासाठी तुम्ही घ्याल असा एक प्रश्न, न बघता सांगता येतो का? विद्यापीठाचं नाव, शहराचं नाव आणि क्रमवारी तोंडपाठ आहे पण विषय आठवत नाहीत, असं असेल तर ओढ विषयाची नाही, जाण्याची आहे.

एकदा पगार हातात यायला लागला की परत अभ्यासाला कोणी जात नाही, हे खरं आहे का?

अनेकांचं तसं होतं, आणि त्याला आळसापेक्षा खर्च जास्त कारणीभूत असतो. पगार वाढतो तसं घरभाडं वाढतं, मग एखादा हप्ता सुरू होतो, आणि दोन वर्षं बिनपगारी राहण्याची कल्पनाच सहन होईनाशी होते. दुसरं कारण बढती. ती नेमकी अर्ज करायच्या सुमारास येते आणि 'अजून एक वर्ष' असं म्हणायला लावते.

यावर इच्छाशक्तीपेक्षा व्यवस्था कामाला येते. नोकरी धरतानाच अर्जाचा महिना ठरवा, पगारातला ठरावीक भाग पहिल्या महिन्यापासून बाजूला काढा, आणि कोणताही मोठा हप्ता अर्जाच्या निकालाआधी सुरू करू नका. आणि ठरवलेल्या वेळी जावंसं वाटलं नाही, तर त्याला हार समजू नका. काम आवडतंय आणि पुढचा रस्ता दिसतोय, तर मास्टर्स न करणं हेही थांबण्यातून मिळालेलं उत्तरच आहे. ३३० वाचले.

फक्त एकच वर्ष नोकरी करून गेलं तर?

हा पर्याय दिसतो तितका चांगला नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांचे अर्ज अनेक ठिकाणी आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. जुलैत नोकरी लागली तर डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे पाच महिन्यांचा अनुभव असतो, त्यातला बराचसा प्रशिक्षणाचा. साहेबांनी तुमचं काम नीट पाहिलेलं नसतं, त्यामुळे शिफारसपत्रं कॉलेजातल्या शिक्षकांकडूनच घ्यावी लागतात आणि अर्ज नवख्याचाच राहतो. दोन वर्षांनी जायचं ठरवलंत तर अर्जाच्या वेळी जवळपास दीड वर्ष झालेलं असतं आणि एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत केल्याचं सांगता येतं. अनुभवासाठीच थांबायचं असेल तर दोन वर्षं धरा.

परीक्षा आणि शिफारसपत्रांचं काय? नंतर अवघड जाईल ना?

परीक्षा आत्ताच देऊन ठेवता येतात, पण सगळ्या नाही. जीआरई आणि जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे अभ्यासाची सवय आहे तोवर त्या देऊन टाकणं सोयीचं. टोफेल आणि आयएल्ट्सचे गुण मात्र दोनच वर्षं धरतात. त्या आत्ता दिल्या तर अर्जाच्या वेळी मुदत संपलेली असू शकते. त्या अर्जाच्या वर्षासाठी ठेवा.

शिफारसपत्राच्या बाबतीत लोक हमखास उशीर करतात. दोन वर्षांनी अचानक ईमेल आला तर शिक्षकांना तुमचा चेहरा आठवेल, काम आठवणार नाही. कॉलेज सोडण्याआधी ज्यांच्याकडे प्रकल्प केला त्यांना भेटा, पुढे अर्ज करायचा आहे हे सांगा, आणि प्रकल्पाचा अहवाल व आपण नेमकं काय केलं याचं एक पान त्यांना ईमेलवर पाठवून ठेवा. पुढे पत्र मागताना तोच ईमेल पुन्हा पाठवायचा. गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रतीही तेव्हाच काढून घ्या. नोकरी करताना विद्यापीठाच्या खिडकीवर रांग लावायला सुट्टी मिळत नाही.

प्रवेश मिळालाय आणि नोकरीही मिळालीय. प्रवेश पुढे ढकलता येतो का?

काही ठिकाणी येतो, बहुधा एका वर्षासाठी. पण तो तुमचा हक्क नसतो, विनंती करावी लागते आणि कारण द्यावं लागतं. आधी तीन गोष्टी लेखी विचारा: शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकेल का, फी कोणत्या वर्षाची लागेल, आणि जागा राखण्यासाठी भरलेली रक्कम नंतर गेलो नाही तर परत मिळेल का. बहुतेकांना फटका बसतो तो शिष्यवृत्तीत. जागा राहते आणि पैसे जातात, म्हणजे गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं.

एमबीएसाठी काही संस्थांनी ही सोय मुद्दाम केली आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 'टू प्लस टू' योजनेत पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करायचा, प्रवेश मिळाला की किमान दोन वर्षं नोकरी करायची आणि मग रुजू व्हायचं.

सध्या नोकऱ्यांचा बाजार मंद आहे. तो सुधारेपर्यंत मास्टर्स करून घेऊ का?

या विचारात तथ्य आहे. मंदीत पहिली नोकरी धरणाऱ्यांवर त्याचा परिणाम बराच काळ राहतो. कॅनडातल्या पदवीधरांवरचा ओरिओपौलोस, फॉन वाख्टर आणि हाइस यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहिली आणि ती तूट भरून निघायला साधारण दहा वर्षं लागली. लोक छोट्या, कमी पगाराच्या ठिकाणी सुरुवात करतात आणि हळूहळू चांगल्या ठिकाणी सरकतात, हे त्यातलं एक मुख्य कारण.

मंदीत तुमचा सोडून द्यावा लागणारा पगारही कमी असतो, त्यामुळे मास्टर्स स्वस्त पडतं. वरच्या उदाहरणातला पगार १०० ऐवजी ७० असेल, तर न मिळालेला पगार २१० वरून १४७ वर येतो. पण दोन वर्षांनी बाजार सुधारलेला असेल याची खात्री नसते, आणि तेव्हा डोक्यावर कर्ज असेल. माझं मत असं: मंदीत बिनकर्जाचं किंवा शिष्यवृत्तीचं मास्टर्स मिळत असेल तर जरूर करा. पूर्ण कर्ज काढून, केवळ नोकरी नाही म्हणून जाणं धोक्याचं आहे.

मला पीएचडी करायची आहे. तरी आधी नोकरी करू का?

संशोधन हेच ध्येय असेल तर कंपनीतल्या दोन वर्षांपेक्षा प्रयोगशाळेतलं एक वर्ष जास्त कामाचं. संशोधन सहायकाची जागा शोधा. तिथे कळतं की महिनोन् महिने निकाल न येणाऱ्या कामावर आपण टिकतो का, आणि शिफारसपत्रही योग्य माणसाचं मिळतं. मास्टर्स लागेलच असंही नाही. अमेरिकेत अनेक विषयांत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळतो आणि तिथे फी माफी व विद्यावेतन मिळण्याची पद्धत आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स मागतात. पीएचडीच्या वाटेवर खिशातले पैसे घालून मास्टर्स करण्याआधी हे तपासा.

नोकरी करता करता मास्टर्स?

पगार बुडत नाही, त्यामुळे वरच्या ३३० पैकी २१० एकदम गळून पडतात. विषय तोच आणि क्षेत्र तेच असेल तर हा उत्तम मार्ग आहे. जॉर्जिया टेकने २०१४ साली संगणकशास्त्राचं मास्टर्स ऑनलाइन सुरू केलं, त्यात नोकरी करणारेच मोठ्या संख्येने असतात. पण क्षेत्र किंवा देश बदलायचा असेल तर यातून इंटर्नशिप, वर्गातल्या ओळखी आणि त्या देशात नोकरी शोधायची संधी मिळत नाही. मालक फी भरणार असेल, तर किती वर्षं कंपनी सोडता येणार नाही ही अट आधी वाचा.

नोकरी घेतली. आता मास्टर्सबद्दल पुन्हा केव्हा विचार करू?

एक वर्ष झाल्यावर, ठरवून. त्या दिवशी मागच्या तीन महिन्यांत आपण कोणत्या कामावर अडलो ते आठवा. अडचण ज्ञानाची होती, आणि ते ज्ञान कामावर किंवा एखाद्या छोट्या कोर्समधून मिळण्यासारखं नव्हतं, असं वारंवार झालं असेल तर अर्जाची तयारी सुरू करा. अडचण साहेबांची, पगाराची किंवा कंटाळ्याची होती, तर आधी दुसरी नोकरी शोधून बघा. त्यासाठी दोन महिने लागतील, मास्टर्सला दोन वर्षं.